कोऱ्या चेकवरची सही

सावंतवाडी

चि. सुशांत यास,


फराळाचा डबा पोचल्याचा तुझा फोन आला, बरं वाटलं. करंज्या मोडल्या नाहीत हे ऐकून तर वहिनीचा जीवच भांड्यात पडला. पण फोन ठेवता ठेवता तू सहज विचारल्यासारखं विचारलंस, “आत्या, कुणाकडून हातउसने घेतले तर चेक द्यावाच लागतो का?” मी तेव्हा “का रे?” म्हटलं, तू “नाही, एका मित्राचं विचारत होतो” म्हणालास, आणि विषय चाकणच्या पावसावर गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही. मे महिन्यात आला होतास तेव्हा खोलीवर शनिवारी रमी चालते असं तूच हसत हसत सांगितलं होतंस. ते आणि हा चेक, दोन्ही एकत्र ठेवल्यावर मला काय दिसलं ते आज सविस्तर लिहिते. फोनवर तू मध्येच “हो गं आत्या” म्हणून मोकळा होतोस, म्हणून पत्र. दादाला यातलं काही सांगितलेलं नाही. मित्राचंच असेल तर हे पत्र मित्राला वाचायला दे.

मी पत्त्यांच्या विरुद्ध नाही, हे तुला माहीत आहे. गणपतीच्या जागरणाला मेंढीकोट खेळताना तुझ्या आजोबांच्या जोडीला बसायला मीच भांडायचे. आपल्या गावची तर ओळखच गंजिफा. लाखेच्या रंगातली ती गोल पानं, दशावताराचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा, अशी एकशे वीस पानं हातात धरायला बोटं लांब लागतात. राजवाड्यात ती अजून रंगवली जातात, पुढच्या वेळी आलास की पाहायला जाऊ. त्यामुळे पान हातात धरलं म्हणून माणूस बिघडला, असलं काही मी म्हणणार नाही. मला बोलायचंय ते पानांबद्दल नाही, उधारीबद्दल आहे. इतकी वर्षं कोर्टात वकिली करताना पत्त्यांपायी बुडालेली माणसं पाहिली, त्यातला एकही जण खिशातले पैसे हरून बुडाला नव्हता. खिसा रिकामा झाला की माणूस चडफडत घरी जातो, इतकंच. बुडाले ते सगळे खिसा रिकामा झाल्यावरही बसून राहिलेले होते, कारण कुणीतरी त्यांना बसून राहता येईल अशी सोय करून दिली होती.

आधी तुझ्या नेहमीच्या युक्तिवादाचं बोलू, म्हणजे तो वाटेत येणार नाही. “रमी कौशल्याचा खेळ आहे, सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय.” खरं आहे. १९६८ साली आंध्र प्रदेशच्या एका खटल्यात न्यायालयाने म्हटलं की तीन पत्तीसारखी रमी निव्वळ नशिबाची नाही. कुठलं पान पडलं हे लक्षात ठेवावं लागतं, काय धरायचं आणि काय टाकायचं हे ठरवावं लागतं. पण त्याच निकालात पुढे हेही आहे की घराचा किंवा क्लबचा मालक जर त्या खेळातून स्वतः नफा काढत असेल, तर गुन्हा होऊ शकतो. पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं आणि दुसरं कुणालाच नसतं. तुमच्या खोलीवर आपापसात चहाच्या पैशांवर खेळणं वेगळं. तू आता ज्या फ्लॅटवर जातोस (जातोस ना?), तिथे दर डावाला मालक आपला वाटा काढून घेतो की नाही, तेवढं स्वतःला विचार. त्याला नाल म्हणतात हे तुला माहीत असेलच.

हा नाल किती खातो ते कागदावर मांडून बघ. सहा जण बसलेत, पॉइंटला दहा रुपये. हरणारे पाच जण सरासरी पस्तीस-पस्तीस पॉइंटांवर अडकले, तर डावात १,७५० रुपये गोळा होतात. मालकाने दहा टक्के काढले, १७५. तासाला आठ डाव धर, पाच तास बसलात, म्हणजे चाळीस डाव. रात्रीतून सात हजार रुपये टेबलावरून उठून मालकाच्या खिशात गेले, आणि त्याने एकही पान हातात घेतलं नाही. सहाही जण सारखेच हुशार असतील, तर प्रत्येक जण साडेअकराशेच्या वर हरून घरी जाणार, महिन्याच्या चार शनिवारांचे साडेचार हजारांवर. “आज मी जिंकलो” म्हणणारा एखादा रोज असतोच, पण सगळ्यांच्या जिंकण्या-हरण्याची बेरीज दर रात्री सात हजारांनी उणी असते. तुझ्या अंगच्या कौशल्याला आधी हा खड्डा भरायचा आहे, मग नफ्याची गोष्ट.

आणि त्या कौशल्याचंही उधारीवर काय होतं ते सांगते, कारण हे मला एका अशिलाने, चांगला खेळणारा होता, स्वतः समजावून दिलं होतं. रमीत खरी अक्कल पानं जुळवण्यात जेवढी, तेवढीच पानं टाकून देण्यात आहे. हातात सिक्वेन्सचं नाव नाही, जोकर नाही, तर पहिल्याच पाळीला ड्रॉप घ्यायचा, वीस पॉइंट द्यायचे, मोकळं व्हायचं. मधे सोडलं तर चाळीस. शेवटपर्यंत चिकटून राहून काहीच लागलं नाही तर ऐंशी. समज, दहा वाईट हात आले. दहाही सोडलेस, तर दहा रुपये पॉइंटने दोन हजार गेले. दहाही खेळलास, त्यातला एखादा नशिबाने लागला आणि नाल वजा जाऊन पंधराशे पंचाहत्तर आले, बाकीचे नऊ साठ-साठ पॉइंटांनी गेले, म्हणजे ५,४०० गेले. निव्वळ तोटा ३,८२५, जवळजवळ दुप्पट. हे गणित त्याला तोंडपाठ होतं. पण मालकाकडून पैसे घेऊन बसायला लागल्यापासून त्याच्याने ड्रॉप घेववेना. वीस पॉइंट म्हणजे दोनशे रुपये, ते तर नक्की जाणार, आणि त्याला तर आजच काहीतरी परत मिळवायचं होतं. सोडण्यासारखे सगळे हात तो खेळत बसला. “वकीलबाई, डोक्यावर देणं असलं की मला पानं टाकवत नाहीत हो,” असं तो म्हणाला होता. त्याचं हे बोलणं मी कधी विसरले नाही. जे कौशल्य दाखवून तो “हा जुगार नाही” म्हणायचा, तेच कर्जाने पहिल्यांदा काढून घेतलं.

आता त्याच माणसाची हकीकत सांगते. नाव-गाव सांगणार नाही, ओळख पटेल असंही काही सांगणार नाही. वय तुझ्याएवढं, खासगी कंपनीत नोकरी, हातात बत्तीस हजार. पहिले काही महिने स्वतःच्या पैशाने खेळला. मग एका रात्री खिसा संपला, तो उठायला लागला, तर मालक म्हणाला, “बस रे, कुठे पळून चाललायस, पगाराला दे.” सुशांत, हे वाक्य नीट ओळखायला शीक. यात दम नाही, व्याजाचा उच्चार नाही, उलट तुझ्यावर विश्वास टाकल्याचा मोठेपणा आहे. समोर पैशांऐवजी टोकन येतात, आणि टोकन सरकवताना हाताला काही जाणवत नाही.

असे घेता घेता साठ हजार झाले. मग व्याज सांगितलं गेलं, आठवड्याला दहा टक्के. आठवड्याला सहा हजार, महिन्याला चोवीस, आणि पगार बत्तीस. त्याने दहा आठवडे भरले. म्हणजे साठ हजार परत केले आणि देणं मात्र साठ हजारच राहिलं, कारण तो भरत होता ते नुसतं व्याज. तुलना करायची तर, परवाना असलेल्या सावकारालाही आपल्या राज्यात विनातारण कर्जावर, शेती सोडून इतर कारणासाठी, वर्षाला १८ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येतं. साठ हजारांवर ते वर्षाचे १०,८०० होतात. हा मालक तेवढे दोन आठवड्यांत घेत होता.

मग त्या पोराला झेपेना. सहा आठवडे काहीच दिलं नाही. मालकाने व्याज मुद्दलात धरलं, व्याजावर व्याज चढलं, आणि साठ हजारांचे एक लाख सहा हजार झाले. तेव्हा मालकाने त्याला मोठ्या मायेने चहाला बोलावलं. “हिशेब राहू दे, आपण एक लाख दहाचा कागद करून टाकू, म्हणजे तुझ्या डोक्याला ताप नाही.” स्टॅम्पपेपर तयारच होता. त्यावर पत्त्यांचा शब्दही नव्हता. “घरगुती अडचणीसाठी हातउसने रोख घेतले” असं होतं. सोबत दोन चेक, सही केलेले, बाकी कोरे. गाडीचं आरसी बुक आणि टीटी फॉर्मवर सह्या. त्याने सगळं दिलं, आणि मला पुढे म्हणाला की त्या दिवशी बाहेर पडताना खूप हलकं वाटलं होतं.

इथे थांबून कायदा सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं तिसावं कलम म्हणतं की पैज लावण्याचा करार मुळातच निरर्थक आहे आणि पैजेत जिंकलेल्या पैशांसाठी कोर्टात दावा लागत नाही. आपल्या जुन्या मुंबई इलाख्यात तर १८६५ चा आणखी कडक कायदा होता, पैजेला पूरक म्हणून केलेले व्यवहारही तो निरर्थक ठरवतो. देशात इतरत्र तसं नाही, आणि हा फरक सुप्रीम कोर्टाने १९५९ च्या एका निकालात नीट उलगडून दाखवला आहे. थोडक्यात काय, तर ज्या रात्री तो साठ हजार हरला, त्या रात्री कायद्याच्या दृष्टीने तो कुणाचंही काही देणं लागत नव्हता. मालकालाही हे पक्कं ठाऊक होतं. तुम्हा पोरांना ठाऊक नसतं, पण त्या धंद्यातल्या प्रत्येकाला असतं. म्हणून तर त्याला कागद हवा होता. पत्त्याचं देणं वसूल होत नाही, मग त्याचं हातउसनं करून घ्यायचं. हे बदलून देणारी सही त्या पोराने स्वतःच्या हाताने केली.

त्यातही स्टॅम्पपेपरपेक्षा चेक घातक. चेकचा कायदा वेगळा आहे. चेकवर तुझी सही आहे हे तू मान्य केलंस, की तो चेक एखाद्या खऱ्या देण्यापोटीच दिला असं कोर्ट गृहीत धरून चालतं. गृहीतक खोडून काढायचं काम तुझं. “कोरा दिला होता, रक्कम त्याने भरली” हे उत्तर पुरत नाही. सही करून कोरा चेक आपणहून दिलास तर रक्कम भरायला मुभा दिलीस असंच धरतात, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये पुन्हा एकदा हे स्वच्छ सांगितलं आहे. चेक वटला नाही तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय खटला चालू असतानाच रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत भरपाई समोरच्याला द्यायला कोर्ट सांगू शकतं. म्हणजे जे मुळात देणंच नव्हतं, त्याच्यासाठी आता फौजदारी कोर्टात उभं राहायचं.

त्याच्या बाबतीत एका चेकवर तीन लाख भरले गेले. चेक परत आला. परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांच्या आत समोरच्याला नोटीस पाठवावी लागते, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला पंधरा दिवस असतात, ते संपल्यावर महिन्याच्या आत तक्रार. त्या पंधरा दिवसांत उत्तर देणं किती महत्त्वाचं असतं, ते मी तुला कसं सांगू! त्याने नोटीस उघडून वाचली, घरी कळू नये म्हणून घडी करून बॅगेत ठेवली आणि उत्तरच दिलं नाही. माझ्याकडे आला तो समन्स हातात घेऊन. पहिल्याच संधीला “हे देणं जुगाराचं आहे, माझ्याकडून दडपणाखाली घेतलं” असं लेखी म्हटलं असतं तर त्याला वजन होतं. वर्षभराने म्हटलेलं कोर्टाला मागाहून सुचलेलं वाटतं.

तो सुटला, पण कशामुळे सुटला ते ऐक. त्याने फोनमधले मेसेज पुसले नव्हते. “या आठवड्याचे सहा बाकी”, “शनिवारी येताना घेऊन ये”, “टेबल नऊला” असे महिनोन् महिन्यांचे मेसेज होते, आणि यूपीआयने दर आठवड्याला सहा हजार गेल्याच्या नोंदी होत्या. घरगुती अडचणीसाठी एकदा दिलेल्या हातउसन्याचा आठवड्याचा हप्ता कसा असेल? उलटतपासात मालकाला तीन लाख रोख कुठून आणले ते सांगता येईना, बँकेतून काढल्याची नोंद नव्हती, हिशेबात कुठे दाखवले नव्हते. एवढ्यावर गृहीतक ढळलं. पण निकाल लागेपर्यंत वर्षं गेली. दर तारखेला रजा. गाडी तर आधीच गेली होती, आईच्या पाटल्या वकिलाची फी आणि बाकीचे हप्ते यासाठी बँकेत गहाण पडल्या होत्या. निर्दोष सुटूनही एवढं गेलं. ज्याने मेसेज पुसले असते, त्याचं काय झालं असतं हे मला सांगायला नको.

तू म्हणशील, आता कोण फ्लॅटवर बसतंय, सगळं मोबाईलवर आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला, कौशल्याचे असोत की नशिबाचे, आणि त्या मोठ्या जाहिरातबाज रमीच्या अ‍ॅपनी पैशांचे खेळ बंद केले. बरं झालं. पण त्या अ‍ॅपमध्ये निदान आधी पैसे भरावे लागायचे, मग खेळता यायचं. आता व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी ‘आयडी’ देतो, चिप्स उधार टाकतो आणि सोमवारी हिशेब करू म्हणतो, तिथे तर पहिल्या पानापासूनच उधारी. तुला असं कुणी विचारलं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेव. त्या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, नुसत्या खेळणाऱ्याला नाही. म्हणून “पोलिसात गेलास तर तूच आत जाशील” ही धमकी त्या बाबतीत पोकळ आहे. फ्लॅटवरच्या टेबलाचं मात्र तसं नाही. तिथे १८८७ चा जुगारबंदीचा कायदा लागतो आणि अड्ड्यावर सापडलेला खेळणाराही त्यात येतो. तुला घाबरवायला नव्हे, कुठे आपली बाजू भक्कम आणि कुठे कच्ची हे कळावं म्हणून सांगितलं.

हे सगळं लिहिताना मला ऋग्वेदातलं अक्षसूक्त आठवत होतं. दहाव्या मंडलातलं चौतिसावं. फासे तेव्हा बेहड्याच्या फळांचे असत, आपल्या परड्यामागे पडतात ना, त्याच बेहड्याच्या. त्यातला जुगारी कर्जात बुडालेला आहे, आणि पैशाच्या शोधात भीत भीत रात्रीचा दुसऱ्यांच्या घरी जातो. इतक्या जुन्या कवीने नेमकी ती रात्रीची फेरी टिपली. मला माझ्या अशिलांचे चेहरे दिसतात त्यात. हरल्याचं दुःख त्यांच्यापैकी कुणीच फारसं सांगितलं नाही. सगळे सांगायचे ते संध्याकाळचं, की फोन वाजला की पोटात गोळा यायचा आणि घरातल्यांसमोर कुणाचा फोन आहे ते खोटं सांगावं लागायचं.

आता तुझ्याबद्दल. तू कुठवर गेला आहेस हे मला माहीत नाही, म्हणून दोन्ही शक्यता धरून लिहिते.

अजून काही लिहून दिलं नसशील, तर देऊ नकोस. चेक नको, स्टॅम्पपेपर नको, आधार कार्डाची सही केलेली झेरॉक्स नको, गाडीचे कागद नकोत, आणि “फक्त मेसेजमध्ये मान्य कर” म्हणाला तर तेही नको. कागद द्यायला नकार दिलास की तो रागावेल, चार लोकांत बोलेल, तुझी पत गेली म्हणेल. म्हणू दे. जिंकलेल्याला मालक रोख देतो का, तेही आठवून बघ. बहुतेक ठिकाणी जिंकलेले “जमा” धरतात आणि मागच्या बाकीत वळते करतात. हरलास की पैसे द्यायचे, जिंकलास की वहीत आकडा बदलायचा, असं चालू असेल तर तिथला मालक तुझा दोस्त नाही, सावकार आहे, आणि तोही बिनपरवान्याचा.

चेक देऊन बसला असशील, तर घाबरून गप्प राहू नकोस, ते सर्वांत वाईट. बँकेत जाऊन त्या क्रमांकाच्या चेकचं पेमेंट थांबवायला लेखी सांग आणि पोच घे. नुसतं पेमेंट थांबवल्याने खटला टळत नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण चेक बँकेत पडायच्या आधी तू लेखी हरकत घेतली होतीस, याचा पुढे उपयोग होतो. त्याच दिवशी त्या माणसाला स्पीड पोस्टाने पत्र जायला हवं की हे चेक कसे आणि कशासाठी घेतले गेले. मसुदा मी करून देते, तू स्वतःच्या मनाने एक ओळही पाठवू नकोस, कारण रागाच्या भरात “तुझे पैसे देईन पण...” असं लिहिलंस तर तीच तुझी कबुली ठरेल. मेसेज, कॉलच्या नोंदी, यूपीआयचे हिशेब, काही पुसायचं नाही. लाज वाटेल असे मेसेज असतील तरी ठेव, मी वकील आहे, मला सगळ्याची सवय आहे. आणि व्याजाचा मामला असेल तर पुण्यात सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक आहेत, बिनपरवाना सावकारीची तक्रार त्यांच्याकडे करता येते. २०१४ च्या आपल्या सावकारी कायद्यात त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. गाडी किंवा दागिना अडकवला असेल तर तोही परत मिळवायची तरतूद त्या कायद्यात आहे. कुणी अंगावर आलं, कंपनीच्या गेटवर माणसं पाठवली, तर लगेच पोलिसात, त्याला उपनिबंधकांची वाट पाहायची नाही.

आणखी एक गोष्ट करू नकोस, कारण बहुतेक जण हीच करतात. ते देणं फेडायला दुसरीकडून कर्ज काढू नकोस. पर्सनल लोन, क्रेडिट कार्डवरून काढलेली रोकड, फोनवर पाच मिनिटांत मिळणारं कर्ज, यातलं काहीही. मघाशी सांगितलं ना, पत्त्याचं देणं कायद्याच्या दृष्टीने देणंच नाही. बँकेचं कर्ज मात्र पूर्णपणे खरं आहे, ते तुला कुठलंही कलम सोडवणार नाही. कच्चं देणं फेडायला तू पक्कं देणं अंगावर घेशील. माझ्याकडे पैसे मागायचे असतील तर मोकळेपणाने माग, पण मी ते त्या माणसाच्या हातात देणार नाही. तुझं भाडं, खानावळ, मागे राहिलेले हप्ते मी बघेन. त्याच्याशी बोलायचं ते वकिलामार्फत, आणि ती वकील तुला फुकट मिळाली आहे.

दादाला आणि वहिनीला सांगायचं की नाही हा तुझा प्रश्न, पण मला विचारशील तर सांग. माझ्या त्या अशिलाच्या मालकाचं सगळं बळ एकाच वाक्यात होतं, “घरी कळवू का?” ज्या दिवशी त्याने स्वतःच आईला सांगितलं, त्या दिवसापासून फोन निम्म्याने कमी झाले. दादा आरडाओरडा करेल, दोन दिवस जेवणार नाही, तिसऱ्या दिवशी पुण्याची गाडी पकडेल. तो माझाच भाऊ आहे, मी त्याला ओळखते.

पत्र मिळालं की पहिलं काम हे कर. कपाटातून चेकबुक काढ आणि पानं मोज. मागच्या नोंदीच्या पानावर तू लिहिलेले चेक आणि प्रत्यक्ष फाटलेले चेक जुळतात का बघ. जो जुळत नाही त्याचा क्रमांक, कुणाला दिला, साधारण कोणत्या तारखेला, त्यावर तारीख किंवा रक्कम घातली होती का, हे कागदावर लिही आणि मला रात्री नऊनंतर फोन कर. त्या वेळी मी एकटी असते. चेकवर तारीख घातलेली असेल तर आधी तेच सांग, कारण त्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तो बँकेत टाकता येतो आणि मला दिवस मोजावे लागतील. सगळी पानं जुळली, तर तेही फोन करून सांग.

तुझी,
आत्या